संकष्टीचा चंद्र किती वाजता?

संकष्टीचा उपवास वद्य चतुर्थीला चंद्रोदयानंतर सुटतो. चंद्र उगवताना चतुर्थी असेल तोच दिवस संकष्टीचा, म्हणून सकाळी पंचांगात तृतीया दिसली तरी गोंधळू नये.

खरी चूक वेळेत होते. दिनदर्शिकेच्या चौकटीतली वेळ बहुधा मुंबईची असते. पूर्वेकडे चंद्र आधी उगवतो, एका रेखांशाला सुमारे 4 मिनिटे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश आहे, मुंबईत 9.10 ला चंद्रोदय असेल, तर नागपुरात साधारण 8.45 ला. आपल्या गावाची नेमकी वेळ स्थानिक पंचांगात मिळते.

ही वेळ मोकळ्या क्षितिजाची. डोंगर, इमारती आड असल्या तर चंद्र उशिरा दिसतो. पावसाळ्यात तो अनेकदा दिसतच नाही. तेव्हा वेळ झाल्यावर पूर्वेकडे अर्घ्य द्यावे, बाप्पाला मोदकांचा नैवेद्य दाखवावा आणि जेवायला बसावे.