झटके पाच, गोळ्यांचे दिवस दहा

अर्धशिशीच्या नोंदी सहसा एका जागी नसतात. एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. तिच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, ‘८ तारीख, रविवार, संध्याकाळी डोकं ठणकलं, गोळी घेतली.’ मोबाइलमध्ये असतं, ‘सोमवार. पित्त, उलटी, शाळा बुडाली, परत गोळी.’ आणि केमिस्टच्या बिलामागे, ‘मंगळवारी दहानंतर बरं.’

ही तीन दुखणी नव्हेत, एकच झटका आहे. रविवारी सहाला सुरू झाला, मंगळवारी दहाला थांबला, म्हणजे ४० तास. मधे दुखत असतानाच झोप लागली आणि दुखतच जाग आली, तर झोपेचे तासही धरायचे. औषध न घेतल्यास अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास चालतो, त्यामुळे हा आकडा निदानाला उपयोगी पडतो. ‘पित्त’ हा आपला लाडका निष्कर्ष आहे, लक्षण नव्हे. तिथे मळमळ, उलटी, उजेड नकोसा होणं, जे झालं ते लिहावं. ‘खूप दुखलं’ यापेक्षा १, २, ३ असे आकडे बरे: काम चालू राहिलं, अडखळत झालं, अंथरूण धरलं. सोमवार अर्थातच ३.

कारणांच्या रकान्याला ‘शक्यता’ असं नाव द्यावं. शनिवारी जागरण होतं, रविवारी उपवास होता. पण मागच्या उपवासाला डोकं दुखलं नसेल, तर तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर उपवासावर उगाच आळ येतो. मान आखडणं, जांभया, गोड खावंसं वाटणं ही कधी कधी झटक्याची सुरुवातच असते, कारण नव्हे. पाळीच्या तारखा मात्र न चुकता टाकाव्यात.

सर्वांत महत्त्वाचा रकाना औषधाचा. नुसतं ‘गोळी’ लिहून भागत नाही. नाव, मिलिग्रॅम, घेतल्याची वेळ आणि दोन तासांनी काय फरक पडला, हे हवं. आठवत नसेल तिथे अंदाज न ठोकता जागा कोरी ठेवावी. महिन्याअखेर गोळ्या नव्हे, गोळी घेतलेले दिवस मोजावेत. एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच.

या शिक्षिकेच्या हिशेबात महिन्यात झटके पाच. तक्ता लावल्यावर दुखण्याचे दिवस ११ आणि गोळीचे १० निघाले. गोळी होती पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली. अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान महिन्यात १० किंवा अधिक दिवस, साधं पॅरासिटामॉल वा आयब्युप्रोफेन १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकतं. एका महिन्यावरून हे ठरत नाही, म्हणून आधीच्या महिन्यांची बिलंही शोधावीत. गोळ्या मात्र मनानेच बंद करू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना प्रत्येक महिन्याचा एक कागद न्या आणि वर हे तीन आकडे ठळक लिहा. पण डोकं अचानक, क्षणात असह्य दुखू लागलं, किंवा हातपाय लुळे पडले, तर तक्ता भरत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.