लिफ्टची जागा इंचात मोजा

बंगल्याच्या नकाशात लिफ्टसाठी हल्ली एक चौकोन हमखास असतो आणि त्यात बहुतेक वेळा '५ × ५ फूट' असं लिहिलेलं असतं. घर तळमजला अधिक एक, लिफ्ट आत्ता नाही, आईवडिलांना जिना झेपेनासा झाला की बसवू, असा विचार. बेत चांगला आहे. पण हा चौकोन बांधून झाल्यावर आत किती उरतो, तेवढं आधी पाहू.

पाच फूट म्हणजे १५२५ मिलिमीटर. नकाशातलं हे माप पुष्कळदा भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतं. भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर. दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी भिंत वजा केली की १२९५ उरतात. आतून गिलावा केला तर आणखी तीस गेले. भिंत तळापासून वरपर्यंत ओळंब्यात तंतोतंत कधीच नसते. वीसेक मिलिमीटर तिथे सोडावे लागतात. हाती आले १२४५, म्हणजे चार फूट एक इंच. लिफ्टचा पाळणा सरळ रुळांवर चालतो, त्यामुळे शाफ्टमधली सगळ्यात अरुंद जागा हेच त्याचं खरं माप.

आता या चार फुटांत पाळणा किती मोठा बसेल? दोरांवर चालणाऱ्या लिफ्टला काऊंटरवेट लागतं. ते मागे ठेवलं तर फूटभर खोली तेच खातं, पुढे आपोआप सरकणारे दोन दरवाजे, एक पाळण्याचा आणि एक मजल्याचा, आठ-नऊ इंच घेतात. पाळणा उरतो जेमतेम दोन फूट खोल. दोन माणसं उभी राहतील, पण व्हीलचेअर आत जाणार नाही, कारण ती साडेतीन फूट लांब असते आणि बसणाऱ्याचे पाय तिच्याही पुढे येतात. ज्या दिवसासाठी जागा सोडली, त्याच दिवशी ती कामाला येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की हिशेब आतून बाहेर करावा. आधी खुर्ची, मग पाळणा, मग शाफ्ट, शेवटी भिंत. व्हीलचेअरसाठी पाळणा आतून किमान तीन फूट रुंद आणि चार फूट दोन इंच खोल धरावा. दरवाजा ८०० मिलिमीटर मोकळा. छोट्या घराला हायड्रॉलिक लिफ्ट सोयीची पडते, कारण तिचा दट्ट्या आणि रूळ एकाच बाजूच्या भिंतीला असतात. त्या बाजूला सुमारे ३५० मिलिमीटर, समोरच्या बाजूला पन्नास, वर भिंतीच्या वाकडेपणासाठी पन्नास. नऊशेच्या पाळण्याला रुंदी लागली १३५०, म्हणून १४०० ठेवावी. खोलीत पाळण्याचे १२५०, मागे पन्नास, पुढे दरवाज्यांना सव्वादोनशे, म्हणजे साधारण १५५०. दरवाजा एकाच बाजूला दोन पाकळ्यांत सरकणारा असेल, तर त्याला स्वतःच्या दीडपट रुंदी आणि वर थोडी जागा लागते. १४०० मध्ये तो बसतो. हे माप गिलाव्यानंतरचं, मोकळं. नकाशावर तसं स्पष्ट लिहून घ्यावं.

भिंतीबद्दल घरमालक सहसा विचारत नाहीत, पण मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. रुळांचे ब्रॅकेट भिंतीत बोल्टने धरलेले असतात. एका बाजूला दट्ट्या असलेल्या लिफ्टमध्ये पाळणा त्या भिंतीवर लटकल्यासारखा असतो; वरचे बोल्ट तो बाहेर ओढतो, खालचे आत दाबतो. साडेचार इंची भिंत किंवा हलके एएसी ब्लॉक हा ताण वर्षानुवर्षं सोसत नाहीत. बोल्ट आधी किंचित सैल होतो, मग पाळणा मजल्याजवळ थांबताना धक्का जाणवतो आणि ब्रॅकेटभोवती बारीक भुगा पडू लागतो. भुगा दिसला की लिफ्ट बंद करून भिंत तपासायला हवी. हे टाळायला रुळांची बाजू सहा इंची आरसीसीची करावी. नऊ इंची विटांचीच असेल, तर प्रत्येक मजल्यावर आणि मध्ये साधारण दीड-दीड मीटरवर काँक्रीटचा पट्टा ओतून बोल्ट त्यातच घ्यावेत. पट्ट्यांची नेमकी उंची लिफ्ट कंपनीच्या नकाशात असते, म्हणून बांधकामाआधी तो नकाशा हातात हवा. आणि रुळांची भिंत बेडरूमची नसावी. रात्री घरघर तिथूनच ऐकू येते.

खाली खड्डा लागतो, कारण पाळण्याच्या फरशीखाली लोखंडी चौकट असते आणि तिच्याखाली बफर. घरगुती हायड्रॉलिकला सहा इंच ते एक फूट पुरतो. दोरांच्या छोट्या लिफ्टला दोन-अडीच फूट, इमारतीतल्या नेहमीच्या लिफ्टला चार-पाच फूट. जोतं दोन फूट उंच असेल तर फूटभर खड्डा जोत्याच्या भरावातच सामावतो, जमिनीखाली जावं लागत नाही. मात्र त्या जागेतून प्लिंथ बीम जात नाही ना, हे पाया घालण्याआधी पाहावं. खोली मोजायची ती तयार फरशीपासून खड्ड्याच्या तयार तळापर्यंत. तळाचं वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा थर मिळून चार इंच सहज खातात. हे आधी धरले नाहीत, तर पाळण्याची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा चार इंच वर येते. मग एकास बारा उताराचा चार फुटी रॅम्प बैठकीच्या खोलीत करावा लागतो. पाळणा, माणसं, दट्ट्या, सगळ्यांचं वजन अखेर या तळावर येतं, तेव्हा तळ आरसीसीचाच हवा. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात पाणी बाजूंनी शिरतं. वॉटरप्रूफिंग बाहेरून, खड्डा भरायच्या आधी करावं. आतून लावलेला लेप पाण्याच्या दाबाने सुटतो.

राहिली वरची उंची. ती सगळ्यात वरच्या मजल्याच्या तयार फरशीपासून शाफ्टवरच्या स्लॅबच्या तळापर्यंत मोजतात. मजल्याची उंची दहा फूट धरा. स्लॅबचे पाच इंच आणि फरशीचे तीन गेले की नऊ फूट चार इंच उरतात. घरगुती हायड्रॉलिकला साधारण नऊ फूट लागतात, म्हणजे ती गच्चीच्या स्लॅबखालीच मावते. पण शाफ्टवरून दीड फुटी बीम गेला असेल तर त्याखाली सव्वाआठ फूटच मिळतात आणि बेत फिसकटतो. दोरांच्या, मशिनरूम नसलेल्या लिफ्टला तेरा-चौदा फूट हवेत, कारण मशीन वर असतं आणि पाळण्यावर उभ्या राहिलेल्या मेकॅनिकचं डोकं सुरक्षित राहायला हवं. म्हणजे शाफ्ट गच्चीच्या चार-पाच फूट वर काढावा लागतो. गच्चीपर्यंत लिफ्ट न्यायची असेल, तर उंची गच्चीच्या फरशीपासून नव्याने मोजायची. तिथे ब्रिकबॅट कोबा पाच-सहा इंच वाढतो, हे दरवाज्याचा उंबरा ठरवताना धरावं, नाहीतर पावसाचं पाणी शाफ्टमध्ये उतरेल.

शाफ्ट बांधून झाला की कंपनीच्या माणसाला बोलवून वरपासून खालपर्यंत चारी कोपऱ्यांत ओळंबे सोडायला लावावेत आणि प्रत्येक मजल्यावर रुंदी, खोली आणि दोन्ही कर्ण मोजून घ्यावेत. पाळण्याची ऑर्डर त्या मापांवर द्यावी. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा परवानगीचं काम कंपनीशी बोलतानाच ठरवून घ्यावं.