प्रमाणपत्रांची फाइल आणि खासगी नोकरी

महाराष्ट्रात मैदानावर वाढलेल्या मुला-मुलींकडे एक जाडजूड फाइल असते. शालेय स्पर्धेपासूनची सगळी प्रमाणपत्रं तीत प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेली असतात. फाइल अशी जपायला कारणही आहे. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण मिळतं आणि तिथे स्पर्धा कोणती, दर्जा कोणता, क्रमांक कितवा, एवढंच पाहिलं जातं. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून क्रीडा खात्याची पडताळणीही काटेकोर झाली आहे. त्यामुळे खेळाडूला स्वतःची ओळख करून द्यायची एकच रीत ठाऊक असते : पदकांची यादी.

खासगी कंपनीकडे अर्ज करताना हीच यादी निरुपयोगी ठरते. अर्ज चाळणाऱ्या माणसाला आंतरजिल्हा स्पर्धा आणि निमंत्रित स्पर्धा यांतला फरक माहीत नसतो. मग कोणीतरी सल्ला देतं आणि यादीच्या वर तीन शब्द चढतात : शिस्तप्रिय, नेतृत्वगुण, संघभावना. हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावर थांबतच नाही.

एक काल्पनिक, पण खो-खोच्या कुठल्याही मैदानावर भेटेल अशी खेळाडू घेऊ. वय एकोणतीस. दोन वर्षं जिल्हा संघाची कर्णधार, एकदा महाराष्ट्राच्या संघात राखीव खेळाडू, नंतर चार वर्षं क्लबमध्ये मुलींची प्रशिक्षक. आता तिला चाकणच्या एका गोदामात पाळीची पर्यवेक्षक व्हायचं आहे. लिंक्डइनवर तिने लिहिलंय : ‘राष्ट्रीय खेळाडू, शिस्तप्रिय, उत्तम नेतृत्व, अनेक पदकविजेती.’

आधी शिस्तीचं पाहू. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर राहणं ही तिची स्वतःची सवय झाली. पर्यवेक्षक नेमणाऱ्याला दुसरंच हवं असतं : ही इतरांना वेळेवर आणू शकते का? त्याचं उत्तर प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये नाही, हजेरीच्या वहीत आहे. पहिल्या वर्षी बावीस मुली आल्या आणि दिवाळीनंतर त्यांतल्या नऊ गळाल्या. प्रशिक्षक ताई घरोघरी गेली तेव्हा कळलं, की थंडीत संध्याकाळी लवकर अंधार पडतो आणि मुलींनी एकट्याने परत येणं घरच्यांना नको असतं. तिने सराव सकाळी सहाला घेतला, एका वस्तीवरच्या मुलींनी मिळून यायचं असं ठरवलं. पुढच्या वर्षी चारच गळाल्या. गोदामात माणसं टिकत नाहीत ही तिथली रोजची डोकेदुखी असते. म्हणून ‘शिस्तप्रिय’ खोडून तिथे हे यावं : ‘वीस-बावीस मुलींचा गट चार वर्षं चालवला, गळतीचं कारण शोधून सरावाची वेळ बदलली, वर्षाची गळती नऊवरून चारवर आणली.’ काम मानधनाशिवाय केलं असेल, तर ‘मानद प्रशिक्षक’ असं लिहून महिना आणि वर्ष टाकावं. नाहीतर ती चार वर्षं कागदावर रिकामी दिसतात आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

नेतृत्वाचं काम याहून अवघड आहे, कारण कर्णधार नेमकं काय करते हे बाहेरच्याला दिसत नाही. परंपरागत खो-खोत नऊ मिनिटांची पाळी असते. संरक्षण करणाऱ्या नऊ जणी तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत उतरतात आणि त्यांचा क्रम पाळीआधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो. तो क्रम हाच कर्णधाराचा खरा निर्णय. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर प्रत्येकीची संरक्षणाची वेळ मिनिट-सेकंदांत छापून येते, आणि चांगले प्रशिक्षक शिवाय कोण साखळीत सापडली, कोण खांबाजवळ सूर मारून टिपली गेली, हेही वहीत टिपून ठेवतात.

आपल्या खेळाडूच्या वहीत असं दिसत होतं, की सर्वांत भक्कम तिघींची पहिली तुकडी साडेचार मिनिटं टिकते, दुसरी मात्र दीड मिनिटातच संपते. उरलेली तीन मिनिटं सर्वांत नवख्या मुलींच्या डोक्यावर येतात आणि तिथे पटापट गडी जातात. खो-खोत निकाल एका गड्याने, कधी काही सेकंदांनी फिरतो. तिने स्वतःला पहिल्या तुकडीतून काढून दुसरीत टाकलं. आता पहिली तुकडी तीन मिनिटांत बाद होऊ लागली, पण दुसरी चार मिनिटं खेळू लागली, आणि नवख्या मुलींवर दोनच मिनिटांचा भार राहिला. क्लबमधल्या जुन्या मंडळींना हे रुचलं नाही, कारण कर्णधाराने पहिल्या तुकडीत उतरायचं असा मान असतो. तिने वही पुढे ठेवून त्यांना पटवलं.

गोदामात सगळे अनुभवी कामगार दिवसपाळीत आणि रात्रपाळीत नुसती नवी पोरं, असं होतंच. म्हणून इथे ओळ अशी यावी : ‘प्रत्येक खेळाडूच्या नोंदी तपासून संघाचा क्रम बदलला, कमकुवत टप्प्याला अनुभवी खेळाडू दिली, विरोध करणाऱ्यांना नोंदी दाखवून राजी केलं.’ ‘साखळी’, ‘खांब’, ‘गडी’ हे शब्द प्रोफाइलमध्ये नकोत. ते मुलाखतीसाठी राखून ठेवावेत. विचारलं, की मैदान कागदावर काढून दाखवायचं.

आता निकाल. ‘अनेक पदकविजेती’ला अर्थ नाही. पातळी, संघांची संख्या आणि स्थान ही तीन माहिती एकत्र हवी : राज्य अजिंक्यपद, इतक्या जिल्ह्यांचे संघ, उपांत्य फेरी. ‘राष्ट्रीय खेळाडू’ तर जपून वापरावं. राखीव असलेल्या खेळाडूने ‘राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्र संघात निवड, राखीव’ असंच लिहावं. राज्याच्या संघात निवड होणं मुळातच कठीण असतं, त्यात कमीपणा नाही. उलट ‘किती सामने खेळलात?’ या प्रश्नाला ‘एकही नाही’ म्हणावं लागलं, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. जिंकण्याचं सगळं श्रेयही स्वतःकडे घेऊ नये. संघ उपांत्य फेरीत गेला तो क्रम बदलल्यामुळेच, असं तिला सिद्ध करता येणार नाही. क्रम बदलल्यानंतर अखेरच्या टप्प्यात कमी गडी गेले, एवढं ती वही दाखवून सांगू शकते. तेवढं पुरेसं आहे.

काही गोष्टी मैदानावरून कार्यालयात येतच नाहीत, आणि त्या ओढूनताणून आणू नयेत. मुली ताईचं ऐकतात, कारण त्या लहान असतात आणि स्वखुशीने आलेल्या असतात. गोदामात तिच्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस हाताखाली असेल आणि तो पगारासाठी येत असेल. साठ्याचा हिशेब, एक्सेल, मालाच्या पावत्या हे तिला शिकावंच लागेल. तसा छोटा अभ्यासक्रम आधी करून त्याची एक ओळ खाली टाकली, तर आपल्याला काय येत नाही हे तिला समजतं, हेही दिसतं.

लिंक्डइनवरच्या नावाखालच्या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे आणि शोधणाऱ्याला आधी तीच दिसते. तिथे पदक न लिहिता कोणतं काम हवं ते लिहावं : ‘पाळी पर्यवेक्षणाच्या कामासाठी उपलब्ध, चार वर्षं प्रशिक्षक, राज्य स्तरावर जिल्हा संघाची कर्णधार.’ संदर्भासाठी नाव देताना बक्षीस समारंभात हार घालणाऱ्या पुढाऱ्याचं देऊ नये. फोन आला तर त्याला हिचं नावही आठवणार नाही. क्लबच्या सचिवांचं द्यावं. हजेरीची वही त्यांनी दर महिन्याला तपासलेली असते.