परत आलेले दहा डबे

पुण्यातला एक ठोक व्यापारी ऑगस्ट २०२५ मध्ये साताऱ्याच्या एका भांड्यांच्या दुकानदाराला स्टीलचे ४० डबे विकतो, असं धरून चालू. भाव नगाला ५०० रुपये. मालाची किंमत २०,००० रुपये, त्यावर तेव्हाच्या दराने १२ टक्के जीएसटी म्हणजे २,४०० रुपये, आणि एकूण बिल २२,४०० रुपयांचं. व्यापाऱ्याला हेच डबे कारखान्याकडून कर सोडून ४०० रुपयांना पडलेले. ऑक्टोबरमध्ये त्यातले दहा डबे टेम्पोतून परत येतात. सहा डबे नुसतेच न खपलेले आहेत, उरलेल्या चार डब्यांना पोचे आले आहेत आणि त्यांची झाकणं बसत नाहीत. बिल अजून उधारीत आहे.

बहुतेक दुकानांत अशा वेळी गिऱ्हाइकाच्या खात्यावर एक आकडा वजा करतात आणि विषय तिथेच संपवतात. पण या दहा डब्यांना वहीत एक किंमत नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यात ते ५,६०० रुपयांचे आहेत, विक्रीच्या खात्यात ५,००० चे, आणि गोदामात फार तर ४,००० चे. हे तीन आकडे वेगळे का, हे ज्याला उमगलं त्याला क्रेडिट नोट समजली. बाकी सगळं फॉर्म भरणं आहे.

आधी कागदाचं पाहू. माल परत आला म्हणून ऑगस्टचं बिल रद्द करायचं नाही आणि त्यातले ४० खोडून ३० करायचे नाहीत. ते बिल ऑगस्टच्या विवरणपत्रात गेलेलं आहे, त्याच्या जोरावर दुकानदाराने भरलेल्या कराची वजावटही घेतलेली असते. म्हणून विक्रेता ऑक्टोबरच्या तारखेची क्रेडिट नोट काढतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये तिची सोय आहे. तिला स्वतःचा क्रमांक असतो, तो सोळा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. दोघांचे जीएसटी क्रमांक, मालाची किंमत, कराचा दर व रक्कम आणि सही, हे तिच्यावर हवंच. सर्वांत महत्त्वाचा असतो मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख. ती ओळ रिकामी राहिली की पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात. दुकानदार मालाबरोबर स्वतःची डेबिट नोट पाठवतो, तशी रीतच आहे. पण त्या कागदाने विक्रेत्याचा कर कमी होत नाही, त्यासाठी विक्रेत्याचीच क्रेडिट नोट लागते.

आता दराचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या घरगुती भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. डबे परत आले ऑक्टोबरमध्ये, तेव्हा दर ५ टक्के. तरीही क्रेडिट नोटवर १२ टक्केच लागतात, कारण आपण नवा व्यवहार करत नाही, जुन्या व्यवहाराचा एक भाग मागे घेतो आहोत. दहा डब्यांचे ५,००० आणि त्यावर ६०० रुपये कर, असे ५,६००. दोघेही महाराष्ट्रातले असल्यामुळे या ६०० पैकी निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. संगणकावर बिलं करणाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून पाहावं. काही ठिकाणी सॉफ्टवेअर दर उचलतं ते मालाच्या नोंदीतून, आणि त्या नोंदीत आता ५ टक्के भरलेले असतात. तसं झालं तर नोट निघते ५,२५० रुपयांची. व्यापाऱ्याने सरकारात भरलेले ३५० रुपये तिथेच अडकतात, आणि गिऱ्हाइकाला तेवढेच कमी मिळतात. चूक ओळखायला उतारा पुरतो. ३० डब्यांचे १५,००० आणि कर १,८०० मिळून दुकानदाराकडे १६,८०० रुपये येणं निघायला हवं. खात्यावर १७,१५० दिसले, तर दर चुकला आहे.

याच दुकानदाराने सप्टेंबरअखेर ५ टक्क्यांनी आणखी डबे नेले असतील तर गुंता वाढतो. परत आलेले दहा कुठल्या बिलातले? एकाच क्रेडिट नोटमध्ये अनेक बिलांचा माल घेण्याची मुभा २०१९ पासून आहे, पण कुठल्या बिलातले किती, हे ठरवावंच लागतं. म्हणून माल उतरवून घेतानाच दुकानदाराला बिलाची प्रत मागावी. महिन्याभराने फोनवर विचारलं तर ज्याला त्याला आपल्या सोयीचं बिल आठवतं.

वहीतली नोंद सरळ आहे. विक्री परतावा नावे ५,०००, देय केंद्रीय कर नावे ३००, राज्य कर नावे ३००, आणि दुकानदाराचं खातं जमा ५,६००. विक्री परतावा हे वेगळं खातं ठेवावं, असं मी आग्रहाने सांगेन. थेट विक्रीतून वजा केलं तर वर्षअखेरची बेरीज तीच येते, पण कुठला माल आणि कुठलं गिऱ्हाईक वारंवार परत फिरतं, ते कळायची वाट बंद होते.

साठ्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. कर जुन्या बिलाच्या आधाराने चालतो, तर साठ्याची किंमत आज हातात असलेल्या मालावरून ठरते. डबे गोदामात ५०० रुपयांनी घेतले, तर नगामागे १०० रुपयांचा नफा माल विकण्याआधीच वहीत चढतो. म्हणून ते खरेदीच्या ४०० रुपयांनीच आत यायला हवेत, आणि तेही चांगले असतील तर. साठा खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती रक्कम, यांपैकी कमी असेल त्या आकड्याने धरायचा असतो. सहा चांगल्या डब्यांचे २,४०० झाले. पोचे आलेले चार भंगारात नगाला १०० रुपयांनी जाणार असतील तर त्यांचे ४००. म्हणजे गोदामात परत आले २,८०० आणि १,२०० रुपयांचा तोटा झाला, तो त्याच महिन्यात दाखवायचा.

नफ्याचं काय झालं ते पाहा. ४० डब्यांवर सुटले होते ४,०००. दहा परत आल्यावर विक्री राहिली १५,०००, विकल्या मालाचा खर्च १२,०००, म्हणून नफा ३,०००. त्यातून पोच्यांचा तोटा वजा जाता १,८००. परत आला पाव हिस्सा माल, पण नफा निम्म्याहून कमी राहिला. ज्या व्यापाऱ्याने दहाही डबे चांगल्या मालात मिसळून टाकले, त्याला हे दिसतच नाही. म्हणून परत आलेला माल आधी एका बाजूला उतरवावा, उघडून तपासावा आणि मगच कपाटात जाऊ द्यावा.

त्या चार डब्यांना करही चिकटलेला आहे. ते घेताना व्यापाऱ्याने कारखान्याला नगाला ४८ रुपये कर दिला होता आणि त्याची वजावट घेतली होती. डबे भंगारात विकले तर त्या विक्रीवर कर लागतोच, आणि मूळ वजावट टिकते. पण ते फेकून दिले किंवा वहीतून निर्लेखित केले, तर १९२ रुपयांची वजावट परत करावी लागते. कलम १७ मध्ये तसं स्पष्ट आहे. दोष कारखान्याचाच असेल तर डबे तिकडे परत पाठवावेत आणि त्यांची क्रेडिट नोट आपण घ्यावी. तोटाही वाचतो.

सर्वांत जास्त नुकसान मी पाहते ते मार्चअखेर. माल ३० मार्चला येतो, हमाल तो गोदामात लावून मोकळे होतात, आणि क्रेडिट नोट एप्रिलमध्ये निघते. ३१ मार्चला नग मोजताना ते दहा डबे साठ्यात धरले जातात, पण त्यांची विक्रीही अजून विक्री म्हणूनच उभी असते. म्हणजे एकच माल विकलेलाही आणि शिल्लकही. आपल्या उदाहरणात, सगळे डबे चांगले असले तरी, नफा पूर्ण ५,००० रुपयांनी फुगतो आणि त्यावर आयकरही भरला जातो. ही चूक शोधायची तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली आवक नोंदवही आणि एप्रिलच्या क्रेडिट नोटा शेजारी ठेवाव्यात. ज्या मालाची आवक मार्चची आणि नोट एप्रिलची, तो तिथेच सापडतो.

कराच्या विवरणपत्रात ही नोट त्याच महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये जाते, आणि देय करातून ६०० रुपये कमी होतात. हे ६०० सरकार आपल्या खिशातून देत नाही. दुकानदाराने घेतलेल्या वजावटीतून त्याला तेवढी रक्कम उलटवावी लागते. ती त्याने उलटवली नाही तर विक्रेत्याला कर कमी करता येत नाही, असं आता कायद्यातच लिहिलं आहे. पोर्टलवर दुकानदाराला आपली क्रेडिट नोट दिसते, आणि ती स्वीकारायची की नाकारायची हे तो ठरवतो. त्याने ती नाकारली, तर ते ६०० पुढे विक्रेत्याच्याच देण्यात चढतात. म्हणून नोट टाकल्यावर दुकानदाराच्या हिशेबनिसाला एक फोन करावा, आणि पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-३बी भरण्याआधी देय कर अचानक वाढला का ते बघावं. नाकारण्याचं कारण बहुधा साधं असतं. त्याच्या डेबिट नोटेत बारा डबे असतात आणि आपल्या क्रेडिट नोटेत दहा.

समोर नोंदणी नसलेलं घरगुती गिऱ्हाईक असेल तर वजावटीचा प्रश्नच येत नाही. तिथे अट एवढीच, की त्याने भरलेला करही त्याला परत मिळाला पाहिजे. ५०० चा डबा परत घेऊन ५०० च हातावर टेकवले आणि स्वतःचा कर मात्र कमी करून घेतला, तर ते चालत नाही.

मुदतही आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर कर कमी करता येतो. आपले ऑगस्ट २०२५ चे डबे २०२५-२६ या वर्षात विकले गेले, म्हणून शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर डबे परत आले तर ते घ्यायला कुणाची हरकत नाही. मात्र क्रेडिट नोट निघेल ती करमुक्त, फक्त ५,००० रुपयांची. दुकानदाराची वजावट तशीच राहील आणि व्यापाऱ्याने भरलेले ६०० रुपयेही सरकारजमाच राहतील. त्या दिवशी दुकानदार ५,६०० मागेल, तेव्हा त्याच्यासमोर त्याचंच जुनं विवरणपत्र ठेवावं. ६०० रुपये त्याला वजावटीतून आधीच मिळालेले आहेत.