जुना फोटो: कॅमेऱ्याने टिपावा की ॲपने स्कॅन करावा?

फोनमधले स्कॅनिंग ॲप आणि फोनचा साधा कॅमेरा एकाच भिंगातून पाहतात. दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या स्कॅनरची गोष्ट वेगळी आहे. त्यात फोटो काचेवर उपडा पडलेला असतो, त्याचा स्वतःचा दिवा काचेखालून सरकत जातो आणि बाहेरचा उजेड झाकणामुळे आत येत नाही. फोनमध्ये यातले काहीच नाही. म्हणून ॲपवर ‘स्कॅन’ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात फोटोचा फोटोच काढला जातो. फरक पडतो तो त्यानंतर. चकाकी घालवणे, चौकट सरळ करणे आणि कडा कापणे ही तीन कामे ॲप हिशेबाने करते. साधा कॅमेरा वापरला, तर तीच कामे माणसाला उजेड आणि हात यांच्या भरवशावर करावी लागतात.

तिन्हींत सगळ्यात छळणारी चकाकी. ग्लॉसी कागदाचा पृष्ठभाग थोडाफार आरशासारखा वागतो: उजेड ज्या कोनात येतो, त्याच कोनात पलीकडे परततो. ट्यूबलाइट डोक्यावर आणि फोन फोटोच्या बरोबर वर असेल, तर परतलेला उजेड थेट भिंगात शिरतो आणि नेमका कुणाच्या तरी कपाळावर पांढरा पट्टा उमटतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल फोटोंत आणखी एक त्रास असतो. कागदाच्या थरातली चांदी काळाच्या ओघात वर येते आणि गडद भागांवर निळसर, धातूसारखी झाक धरते. फोटो हातात तिरका केला की ती दिसते आणि सरळ धरला की जवळजवळ नाहीशी होते. कॅमेऱ्याला मात्र ती चुकीच्या उजेडात हमखास सापडते.

यावर गूगलने 2016 साली ‘फोटोस्कॅन’ नावाचे ॲप आणले. त्यातली युक्ती समजून घेतली, की अशा ॲपची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. आधी संपूर्ण फोटो टिपला जातो. मग पडद्यावर चार ठिपके येतात आणि फोन एकेका ठिपक्यावर नेला, की आणखी चार वेळा टिपणी होते. फोन हलला की चकाकीची जागाही हलते, पण छापील चित्र जागचे हलत नाही. शिवाय चकाकी पडलेली जागा मूळ चित्रापेक्षा नेहमी उजळच असते. ॲप पाचही चित्रे एकमेकांवर नेमकी बसवते आणि प्रत्येक बिंदूसाठी साधारणपणे सर्वांत गडद नोंदीकडे झुकते. त्यामुळे एका चित्रात कपाळावर पट्टा असला, तरी उरलेल्या चारांपैकी कुठल्यातरी चित्रात ते कपाळ स्वच्छ मिळते.

युक्ती सुरेख आहे, पण ती ‘नेमकी बसवते’ या दोन शब्दांवर उभी आहे. फोटो सपाट असेल तर पाच चित्रे चांगली जुळतात. जुना फोटो सहसा सपाट नसतो. ओलाव्याने त्याचे कोपरे वर वळलेले असतात किंवा मधोमध फुगवटा आलेला असतो. ॲप अशा वळणांचाही अंदाज बांधते, मात्र तो थोडा चुकला तरी बारीक रेषा दुहेरी होतात. डोळ्यांच्या पापण्या, साडीचा काठ, पाटीवरची अक्षरे अशा ठिकाणी हे आधी दिसते. गडद नोंद निवडण्याचीही एक किंमत आहे. हाताची किंवा फोनची सावली फोटोवर पडली, तर ॲपच्या दृष्टीने तीही केवळ ‘गडद नोंद’ असते, आणि ती पक्की होऊन चित्रात उतरू शकते.

कागदपत्रे स्कॅन करणारी ॲप याहून निराळी. त्यांचा जन्म बिले, दाखले आणि वहीची पाने टिपण्यासाठी झाला आहे. पांढरा कागद आणखी पांढरा व्हावा आणि शाई आणखी काळी दिसावी, हा त्यांचा धर्म. हाच धर्म जुन्या फोटोला लावला तर मधल्या करड्या छटा नाहीशा होतात: पांढऱ्या धोतराच्या चुण्या पुसल्या जातात, गालाची गोलाई सपाट होते आणि काळ्या कोटाची बटणे कोटातच बुडतात. अशा ॲपमध्ये ‘फोटो’ नावाचा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल, तर जुन्या फोटोपुरते ते ॲप बाजूलाच ठेवलेले बरे.

आता साध्या कॅमेऱ्याचे काम एका उदाहरणावर पाहू. समजा, लग्नातला एक कृष्णधवल ग्रुप फोटो आहे. जुने स्टुडिओवाले ज्याला हाफ प्लेट म्हणत त्या मापाचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. फोनचा कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्राची लांब बाजू साधारण 4000 पिक्सेलची. लांबीची 85 टक्के जागा फोटोने व्यापली तर साडेसहा इंचांना 3400 पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला पाचशेहून अधिक. छपाईला इंचाला 300 पुरेसे धरले जातात. तेव्हा पिक्सेलची इथे टंचाई नाही.

टंचाई असते ती अंतराची. फोनचे मुख्य भिंग रुंद दृश्य पाहणारे असते, त्यामुळे एवढ्या मापाच्या फोटोने चौकट भरायची तर फोन जेमतेम 15 सेंटिमीटरवर आणावा लागतो. इतक्या जवळ फोनची स्वतःची सावली पडते आणि कडांची माणसे ताणली जातात. कित्येक फोन तर तेवढ्या अंतरावर न सांगता दुसऱ्या, आणखी रुंद भिंगावर जातात आणि कोपरे मऊ होतात. त्यापेक्षा फोन 25 सेंटिमीटरवर न्यावा आणि भोवतीची जागा नंतर कापून टाकावी. तेव्हाही फोटोच्या वाट्याला सुमारे 2000 पिक्सेल येतात, म्हणजे इंचाला 300. फोनमध्ये खरोखरचे वेगळे टेलिफोटो भिंग असेल तर त्याने आणखी दुरून टिपणे उत्तम. पण बोटांनी पडदा ताणून केलेले झूम इथे काही मिळवून देत नाही.

उजेड खिडकीचा घ्यावा, तोही थेट उन्हाचा नको. खिडकीजवळच्या टेबलावर फोटो आडवा ठेवून खोलीतले सगळे दिवे बंद करावेत. ट्यूबचा आणि दिवसाचा उजेड मिसळला तर फोटोची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि हा दोष नंतर सुधारणे कठीण जाते. खिडकीचा उजेड बाजूने, उतरत्या कोनात येतो, म्हणून त्याची चकाकी पलीकडच्या भिंतीकडे निघून जाते, भिंगाकडे येत नाही. तरीही फोटो धुरकट दिसला तर दोषी बहुधा वरचे पांढरे छत किंवा टिपणाऱ्याचा पांढरा सदरा असतो. गडद कपडे घातले की धूसरपणा लगेच उतरतो. फ्लॅश बंदच ठेवावा.

फोन फोटोला समांतर धरणे हे दुसरे काम. बऱ्याच फोनमध्ये ग्रिड किंवा लेव्हल सुरू केले, की फोन खाली वळवताच पडद्यावर दोन अधिकचिन्हे दिसतात. ती एकावर एक आली, की फोन टेबलाला समांतर झाला. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर पट्टी ठेवून तिच्यावर फोन टेकवला तर हातही थरथरत नाही. तीन सेकंदांचा टायमर लावला म्हणजे बोट टेकल्याने बसणारा धक्काही टळतो. फोटोशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा. नंतर रंग ठरवताना हा कागद पांढरा दिसेपर्यंतच बदल करावेत. म्हणजे फोटोचा खरा तपकिरी रंग आणि खोलीतल्या उजेडाचा पिवळेपणा यांची गल्लत होत नाही.

कॅमेराही अगदी निष्पाप नाही. उजेड कमी असला की फोन कणकणीतपणा घालवण्यासाठी चित्र गुळगुळीत करतो, आणि त्या भरात मूळ फोटोतला फिल्मचा कणही जातो. चेहरा सुंदर करण्याची सोय चालू राहिली असेल तर आजोबांच्या सुरकुत्याही जातात. ही सोय आणि पोर्ट्रेट मोड आधी बंद करावेत.

मग ॲप कधी वापरावे? अल्बमची पाने चिकटणारी आणि वर प्लास्टिक असलेली असतील, फोटो दोनशे असतील आणि सारे काम एका दुपारी संपवायचे असेल, तर ॲपच. प्लास्टिकवरच्या चकाकीशी उजेडाने झगडणे फार वेळखाऊ असते. मात्र काळ्या पानांच्या अल्बममध्ये गडद कडांचे फोटो असतील, तर ॲपला फोटो कुठे संपतो हे कळत नाही आणि ते कडा आत कापते. कडांची चौकट हाताने ओढून दुरुस्त करता येते. दर फोटोला तेवढा वेळ द्यावा. पांढरी किनार तर मुद्दाम राखावी, कारण काही रंगीत फोटोंच्या किनारीवर लॅबने महिना आणि वर्ष छापलेले असते.

काचेच्या चौकटीतला फोटो हे दोघांचेही दुखणे. काच काढता आली तर काढावी. फोटोचा थर काचेला चिकटला असेल तर ओढू नये, तो काचेसोबत सुटून येतो. अशा वेळी काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरते भोक पाडून तो फोनच्या पुढे धरला, तर काचेत फोन आणि हात दिसायचे थांबतात. ॲपला हे जमत नाही, कारण ठिपक्यांमागे फिरताना पुठ्ठाही फिरतो.

एकाच फोटोची दोन्ही रूपे हातात आल्यावर ती पूर्ण आकारात मोठी करून पाहावीत. हाफ प्लेटच्या ग्रुपमध्ये तपासायच्या जागा तीन: मधल्या माणसाचे डोळे, कोपऱ्यातल्या माणसाचा कान आणि सगळ्यात काळी जागा, म्हणजे बहुधा नवऱ्या मुलाचा कोट. डोळे दुहेरी असतील तर ॲपची जुळणी चुकली आहे. मध्यभाग तीक्ष्ण आणि कोपरा मऊ असेल तर फोन फार जवळ होता. कोट करडा दिसत असेल तर उजेड छतावरून आला आहे.

अपलोड करताना एक गफलत दोन्ही पद्धतींत होते. फाइलमध्ये तारीख पडते ती टिपल्याच्या दिवसाची, त्यामुळे 1964 सालचे लग्न गूगल फोटोजमध्ये कालच्या जेवणाशेजारी जाऊन बसते. तिथे तारीख बदलता येते, ती बदलावी. शिवाय फाइलचे नावही `1964-lagna-group.jpg` असे ठेवावे, म्हणजे फाइल दुसरीकडे गेली तरी साल सोबत राहते. साध्या कॅमेऱ्याने टिपताना लोकेशन चालू असेल तर आजच्या घराचा पत्ताही फाइलमध्ये जातो. सर्वांना दिसेल अशा जागी चढवण्याआधी तो काढावा. नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा असेल तर त्यांना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो आणि मेहनतीने मिळवलेले पिक्सेल वाटेतच गळतात. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाची नावे असतील, तर ती बाजूही टिपून `1964-lagna-group-maage.jpg` अशा जोडनावाने सोबत चढवावी. त्या बाजूसाठी मात्र कागदपत्रांचे ॲपच उत्तम, पुसट शाई तेच उठावदार करते.