टीममधल्या ख्रिस्ती मैत्रिणीला नाताळच्या शुभेच्छा

"नाताळच्या तुला आणि घरच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. ख्रिस्तजन्माचा हा सण तुमच्या घरी आनंदाचा आणि शांतीचा जावो. २४ तारखेला दुपारनंतर लॅपटॉप उघडू नकोस, संध्याकाळचा कॉल मी घेते. आईंना माझा नमस्कार सांग."

अंधेरीतल्या ऑफिसात काम करणाऱ्या एका हिंदू मुलीने वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला असा निरोप पाठवला, तर मला तो अगदी योग्य वाटतो. त्यात मराठी आहे, ते आधी बघू. ख्रिस्ती म्हटलं की समोरची व्यक्ती गोव्याची असणार आणि घरी इंग्रजी बोलत असणार, असं आपण धरून चालतो. वसईत निर्मळ, नंदाखाल, पापडी अशा गावांमध्ये मिस्सा मराठीत होते. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तिथल्या मुलीला 'मेरी ख्रिसमस' म्हटलं तरी काही बिघडत नाही. पण रोज मराठीत बोलणाऱ्या मैत्रिणीला सणाच्या दिवशीच इंग्रजीत का गाठायचं?

आनंद आणि शांती हे शब्दही विचार करून घेतलेले आहेत. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना देवदूत जी वार्ता सांगतात, तिच्यात हे दोन्ही आहेत. हिंदू माणसाला ते मनापासून म्हणता येतात आणि ख्रिस्ती माणसाला ते आपलेच वाटतात. याउलट 'येशू म्हणजे आमच्या कृष्णासारखाच अवतार' हे वाक्य आपुलकीने लिहिलेलं असलं, तरी टाळावं. देव एकदाच माणूस झाला, या श्रद्धेवर तर तिचा सण उभा आहे. तिच्या श्रद्धेला आपल्या चौकटीत बसवलं, तर शुभेच्छा बाजूला राहतात आणि तिला उत्तर काय द्यावं हा प्रश्न पडतो.

निरोपातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मात्र लॅपटॉपचं आहे. २५ ला सुट्टी असते, म्हणून टीम २४ च्या रात्रीपर्यंत काम लावते. कॅथलिकांचा सण २४ च्या संध्याकाळीच सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. त्या दिवसांत धर्मगुरू जांभळा झगा घालतात आणि मिस्सेतलं गौरवगीत गायलं जात नाही. २४ च्या रात्री झगा पांढरा होतो, गौरवगीत परत येतं, गव्हाणीत बाळ येशू ठेवला जातो. त्या मिस्सेच्या वेळी क्लायंटचा कॉल असेल, तर ग्रुपवरच्या सांताक्लॉजच्या चित्रांचा तिला काय उपयोग?

मैत्रीण दुसऱ्या पंथाची असेल, तर निरोपही थोडा बदलतो. केरळच्या अनेक सुरियानी ख्रिस्ती घरांत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत २५ दिवसांचा उपवास असतो आणि त्यात मांस वर्ज्य असतं. टीमचं नाताळचं जेवण २० तारखेला ठरवून त्यात बिर्याणी मागवली, तर जिच्यासाठी जेवण ठेवलं तीच उपाशी राहील. त्याऐवजी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जेवायला बसावं. अहिल्यानगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. तिथल्या प्रॉटेस्टंट कुटुंबातल्या सहकाऱ्याला वाइनची बाटली देण्याआधी विचारून घ्यावं, कारण अनेक प्रॉटेस्टंट घरांत दारू निषिद्ध असते. यहोवाचे साक्षीदार तर नाताळ पाळतच नाहीत. अशा सहकाऱ्याने शुभेच्छांना नम्रपणे नकार दिला, तर वाईट वाटून घेऊ नये.

घरून लाडू-करंज्या न्यायच्या असतील, तर नैवेद्य दाखवण्याआधीच डबा वेगळा काढावा. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न काही ख्रिस्ती खातात, काही खात नाहीत. ज्यांना ते चालत नाही, त्यांना आपल्यासमोर तसं सांगणं जड जातं. गोव्यात या देवाणघेवाणीची जुनी रीत आहे. नाताळला ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं यांची ताटं शेजारच्या हिंदू घरांत जातात आणि चतुर्थीला, दिवाळीला हिंदूंकडचा फराळ त्यांच्याकडे येतो. ज्या ख्रिस्ती घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, तिथे गोडधोड करत नाहीत, शेजारी नेऊन देतात.

म्हणूनच मैत्रिणीचे वडील याच वर्षी गेले असतील, तर वरचा निरोप तसाच पाठवू नये. त्यातला आनंद काढून एवढंच लिहावं: "यंदा बाबांशिवायचा पहिला नाताळ. तुझी आणि आईंची खूप आठवण येते आहे. प्रभू तुम्हाला शांती देवो. २४ चं काम माझ्याकडे आहे. मी २६ ला घरी येते, येताना जेवण घेऊन येईन."

आणि २५ ला लिहायचं राहून गेलं, तरी सण हुकत नाही. कॅथलिकांचा नाताळकाळ जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. सुट्टीनंतर ऑफिसात भेटल्यावर समोरासमोर दिलेल्या शुभेच्छाही वेळेवरच्याच असतात.