चौघांची बेरीज एकशे तीस

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुधा तिघा-चौघांचा असतो. ब्लॅक बुक बाइंडिंगला द्यायची वेळ आली की ग्रुपमध्ये वादाला तोंड फुटतं. ‘राबलो आम्ही, मार्क मात्र सगळ्यांना सारखे!’

समजा, प्रोजेक्ट लायब्ररीतली पुस्तकं आरक्षित करण्याच्या ॲपचा आहे. कोणी किती काम केलं असं विचारल्यावर कोड लिहिणारी म्हणते पन्नास टक्के, डेटाबेसवाला पस्तीस, रिपोर्टवाली तीस आणि मीटिंगला क्वचित उगवणारा चौथा पंधरा. बेरीज एकशे तीस. यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये पती-पत्नींना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हाही बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभरावर गेली होती. आपण केलेलं काम आपल्याला पटकन आठवतं, दुसऱ्याचं तेवढं आठवत नाही. कोडवालीला आपली जागरणं आठवतात. रिपोर्टवालीने एकच प्रकरण गाइडकडून चारदा परत आणून दुरुस्त केलं, हे तिला ठाऊकच नसतं.

म्हणून टक्क्यांवरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. झालेली कामं नावांसह एका कागदावर लिहावीत आणि बोलणी उरलेल्या कामांवर आणावीत.

इथे हमखास एक चूक होते. चौथ्याच्या गळ्यात पीपीटी आणि बाइंडिंग मारलं जातं. ते दिवसभरात उरकतं, आणि व्हायव्हात एक्स्टर्नलने त्यालाच प्रश्न विचारला की तो गप्प. त्याऐवजी टेस्टिंगचं प्रकरण त्याच्याकडे द्यावं. पण ‘तू टेस्टिंग बघ’ एवढं सांगून भागत नाही. लॉगिन आणि आरक्षण या दोन भागांच्या वीस टेस्ट केसेस, प्रत्येकीत अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, सोबत स्क्रीनशॉट, शनिवारी संध्याकाळपर्यंत, असं नेमकं ठरवावं. म्हणजे काम झालं की नाही हे कोणालाही तपासता येतं.

बदल्यात कोडवालीने तासभर बसून त्याच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करून द्यायचा. मला ही अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागे पडलेला मुलगा पुष्कळदा इथेच अडकलेला असतो: सुरुवातीला कोड समजला नाही, विचारायला संकोच वाटला, आणि मग त्याने मीटिंगच टाळल्या. टेस्टिंगवरच्या प्रश्नांना व्हायव्हात तोच उत्तर देईल, हेही तेव्हाच ठरवावं.

शनिवार कोरडा गेला, तर आधी त्याच्याशी बोलावं. घरी आजारपण असेल किंवा तो नोकरी सांभाळून शिकत असेल, तर काम तेच ठेवून तारीख बदलता येते. तसं काही नसेल, तर त्याला सांगून तो कागद गाइडकडे न्यावा, तोही रिव्ह्यूच्या आधी. वेगवेगळे मार्क देण्याची मुभा असली, तरी एकदा मार्क भरले गेले की गाइडलाही फारसं काही करता येत नाही.